स्मरणपत्र क्रमांक दोन

तुम्ही कुणाला तरी पत्र पाठवलंय. शाळेला, कार्यालयाला, एखाद्या लेखकाला किंवा गावाकडच्या मित्राला. आठवडा झाला, दोन झाले, उत्तर नाही. आता काय करायचं? पुन्हा लिहायचं का? लिहायचं तर कधी? आणि असं कितीदा लिहीत राहायचं?

हे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात, कारण माझी सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर गेली. आवक म्हणजे आलेली पत्रं, जावक म्हणजे गेलेली. रोज सकाळी टपालाचा गठ्ठा फोडायचा, प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नंबर घालायचा आणि ते ज्याच्या टेबलाचं असेल तिकडे पाठवायचं. आता निवृत्त होऊन गोराईच्या म्हाडा वसाहतीत राहतो. गल्लीतली मुलं 'काका, जरा पत्र बघता का?' म्हणत येतात. खाडीपलीकडच्या गोराई गावातूनसुद्धा कुणी ना कुणी होडीने येतं. त्यांना जे सांगतो, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. उत्तर आलं नाही म्हणजे 'नाही' म्हणाले, असं मुळीच नसतं. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी जे पाहिलं, त्यावरून गप्प राहण्याची चार कारणं सांगता येतील. एक, पत्र पोचलंच नाही. दोन, पोचलं, पण भलत्याच टेबलावर जाऊन पडलं. तीन, योग्य टेबलावर आहे, पण उत्तर द्यायला काहीतरी अडतंय: कागद सापडत नाही, सही करणारे साहेब रजेवर आहेत, वगैरे. आणि चार, खरोखरच द्यायचं नाही. बाहेरून ही चारही कारणं अगदी सारखी दिसतात, कारण तुमच्या घरची पत्रपेटी चारही वेळा रिकामीच असते! म्हणून स्मरणपत्र, म्हणजे आठवणीचं पत्र, हे नुसतं 'अहो, उत्तर द्या ना' म्हणायला नसतं. या चारांपैकी कुठलं कारण आहे, ते शोधून काढायला असतं.

आता अंतराचं बघू. गोराई-उत्तनच्या बाजूला कोळी बांधव डोल लावतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड पाण्याच्या ओढीकडे करून ते समुद्रात बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचं पाणी साधारण सहा तासांनी दिशा बदलतं, आणि मध्ये थोडा वेळ ओढ थांबते. तेव्हा डोल उचलायची. तासाभरानेच उचलायला गेलं, तर ओढ जोरात असते आणि जाळ्यात काही फारसं आलेलंही नसतं. म्हणजे डोल कधी उचलायची हे पाणी ठरवतं. आपल्याला किती घाई आहे ते पाणी विचारत नाही.

पत्राचंही तसंच आहे. अंतर काढायची बेरीज सोपी आहे: पत्र जायला लागणारे दिवस, अधिक तिथे काम व्हायला लागणारे दिवस, अधिक उत्तर यायला लागणारे दिवस. ही बेरीज पूर्ण व्हायच्या आत पाठवलेलं स्मरणपत्र फुकट जातं.

यातले मधले दिवस कसे ओळखायचे, असं तुम्ही विचाराल. आपल्या महाराष्ट्रात यासाठी एक चांगला आधार आहे. २००५ साली सरकारी कामातली दिरंगाई रोखण्यासाठी राज्याचा एक कायदा झाला. लोक त्याला दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यात म्हटलंय, की साधारणपणे कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आता तुमचं पत्र कारकून, त्यांचे वरिष्ठ आणि साहेब अशा तीन टेबलांवरून जाणार असेल, तर नियमाप्रमाणे वागूनसुद्धा कामाचे एकवीस दिवस होतात. रविवार-सुट्ट्या धरल्या की महिना भरला. अशा ठिकाणी आठव्या दिवशी स्मरणपत्र धाडून काय मिळणार?

उलट नुकसान होतं, ते कसं सांगतो. स्मरणपत्र आलं की ते वहीत नोंदवावं लागतं आणि मूळ कागदाला जोडावं लागतं. मूळ कागद तेव्हा कुठे असतो? कदाचित साहेबांच्या टेबलावर, सहीसाठी! मग कधी कधी तो खाली मागवला जातो, स्मरणपत्र जोडलं जातं आणि पुन्हा वर पाठवला जातो. आठवड्याला एक पत्र पाठवणाऱ्यांच्या फाइली मी पाहिल्या आहेत. त्या जाड होत आणि खूप फिरत, पण बराचसा प्रवास नवा कागद जोडण्यासाठी होई, निर्णयासाठी नाही.

आता एक खरं उदाहरण बघू. गोराई गावात राहणारी एक मुलगी दहावीत होती. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी. सातवीपर्यंत ती कोकणातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मग सगळे इकडे आले. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. जन्मदाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. इकडच्या वर्गशिक्षकांनी बजावलं, 'बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी, १५ सप्टेंबरपर्यंत दुरुस्त दाखला आण. एकदा चुकीचं नाव पुढे गेलं, की दहावीच्या कागदांवरही तेच उमटेल.'

तिने १ जुलैला जुन्या शाळेला स्पीड पोस्टने पत्र पाठवलं. ५ जुलैला ते पोचल्याची नोंद पोस्टाच्या माहितीत दिसत होती. पुढे काही नाही. २० जुलैला ती माझ्याकडे आली. रडवेली झाली होती. म्हणाली, 'काका, आता रोज एक पत्र टाकते!'

मी म्हटलं, 'थांब. आधी पहिलं पत्र दाखव.'

पत्र छान होतं, पण पाकिटावर तिने जुन्या मुख्याध्यापकांचं नाव लिहिलं होतं. ते अजून तिथेच असतील कशावरून? त्यांची बदली झाली असेल, तर नावाचं पाकीट 'खाजगी असेल' म्हणून कुणी फोडतही नाही. हे झालं आपलं कारण क्रमांक दोन: पोचलं, पण योग्य टेबलावर नाही. म्हणून पाकिटावर नेहमी पद लिहावं, 'माननीय मुख्याध्यापक' असं. माणूस बदलतो, खुर्ची तिथेच असते.

मग आम्ही दोघं बेरीज करायला बसलो. पत्र जायला चार दिवस. शाळेत रजिस्टर काढून पाहायला आणि दाखला लिहायला सुट्ट्या धरून बारा दिवस. यायला चार. झाले वीस. १ जुलैला वीस दिवस मिळवले की २१ जुलै. म्हणजे स्मरणपत्राची वेळ नुकतीच होत होती. २२ जुलैला पहिलं स्मरणपत्र गेलं. ते कसं लिहिलं, ते नीट ऐका.

वर विषय: 'दाखल्यातील आईच्या नावाच्या दुरुस्तीबाबत, स्मरणपत्र क्रमांक १'. त्याखाली संदर्भ: 'माझे दि. १ जुलैचे पत्र', आणि स्पीड पोस्टचा नंबर. मग दोनच वाक्यं: काय हवंय आणि कधीपर्यंत, का. सोबत पहिल्या पत्राची पूर्ण प्रत, जुन्या दाखल्याची प्रत, जन्मदाखल्याची प्रत. खाली फोन नंबर. मुलगी अठरा वर्षांची नव्हती, म्हणून सही आईची. 'इतके दिवस उत्तर नाही, हे बरे नव्हे' असलं एकही वाक्य नाही.

संदर्भ आणि प्रत यांना इतकं महत्त्व का? ज्या स्मरणपत्रावर संदर्भ नसतो, ते आवक टेबलाला नवंच पत्र वाटतं. त्याला नवा नंबर पडतो आणि ते दुसऱ्याच टेबलावर जातं. मग एका कामाचे दोन कागद होतात, आणि या टेबलाला वाटतं ते टेबल बघतंय, त्या टेबलाला वाटतं हे. ई-मेल पाठवत असाल तर हेच सोप्या रीतीने करता येतं. नवा मेल लिहू नका. आपल्याच जुन्या मेलवर 'रिप्लाय' करून लिहा, म्हणजे मूळ मजकूर खाली आपोआप राहतो.

स्मरणपत्र २६ जुलैला पोचलं. ३० तारखेला, म्हणजे ते फोडून वाचायला वेळ दिल्यावर, मुलीच्या आईने शाळेत फोन केला. प्रार्थना, हजेरी आटोपल्यावर, साडेअकराच्या सुमारास. तिकडून कळलं ते असं: नवे मुख्याध्यापक आलेत, पहिलं पाकीट जुन्या सरांच्या नावाचं म्हणून बाजूला ठेवलेलं होतं, दुसरं पत्र मिळालं. पण त्या वर्षांची रजिस्टरं ज्या कपाटात आहेत, त्याची किल्ली एका गुरुजींकडे आहे आणि ते प्रशिक्षणाला गेलेत. 'गणपतीनंतर बघू,' असंही ते म्हणाले.

बघा, एका स्मरणपत्राने आणि एका फोनने आपण कारण एक आणि दोन ओलांडून तीनवर आलो. कोणी दुष्टपणा करत नव्हतं, कपाटाची किल्ली हवी होती! पण 'गणपतीनंतर' ही मात्र धोक्याची गोष्ट होती. त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी होते. कोकणात त्या दिवसांत कोणतं कार्यालय हलतं? आणि त्यानंतर १५ सप्टेंबरला उरणार किती दिवस?

म्हणून शेवटची तारीख असली की उलटीकडून मोजायचं. दुसरं दार ठोठवायची वेळ आली तर त्याला तीनेक आठवडे राखून ठेवायचे. १५ सप्टेंबरपासून मागे आलं की २२ ऑगस्ट. म्हणजे आपलं शेवटचं स्मरणपत्र त्याच्या दहा-बारा दिवस आधी निघायला हवं. इकडून २२ जुलै अधिक वीस दिवस मोजले, तर ११ ऑगस्ट. दोन्ही हिशेब जुळले.

११ ऑगस्टला स्मरणपत्र क्रमांक दोन गेलं. यात तीन गोष्टी नवीन होत्या. पहिली, उत्तर देणं सोपं केलं: आपला पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट आत घातलं. दुसरी, काम छोटं केलं: 'कृपया जनरल रजिस्टरमध्ये आईचे नाव कसे लिहिले आहे तेवढे पाहावे. तिथे बरोबर असेल, तर दाखला त्याप्रमाणे मिळावा.' तिसरी, पुढचं पाऊल आधीच सांगितलं: '२२ ऑगस्टपर्यंत शक्य न झाल्यास मला पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विनंती करावी लागेल, कारण १५ सप्टेंबरची मुदत आहे.' ही धमकी नव्हती, कारण आवाज चढवलेला नव्हता. तारीख आणि कारण, एवढंच. आणि हे वाक्य पहिल्या स्मरणपत्रात मुद्दाम घातलं नव्हतं. साहेबांच्या साहेबांचं नाव सुरुवातीलाच काढलं, तर समोरचा माणूस मदत करायचं सोडून आपली बाजू सावरायला लागतो.

२३ ऑगस्टला आपलंच पाकीट परत आलं. आत दुरुस्त दाखला. रजिस्टरमध्ये नाव बरोबरच होतं, दाखल्यावर उतरवताना अक्षर चुकलं होतं. रजिस्टरातच चूक असती तर शिक्षण खात्याच्या मंजुरीचं मोठं काम निघालं असतं, आणि मग तिथल्या टेबलांप्रमाणे सगळी अंतरं नव्याने मोजावी लागली असती.

म्हणजे एकूण पत्रं किती झाली? एक मूळ आणि दोन स्मरणपत्रं. मी साधारण इथेच थांबायला सांगतो. पहिल्या स्मरणपत्राने कळतं, की पत्र पोचलं का आणि कुठल्या टेबलावर आहे. दुसऱ्याने अडचण दूर करायचा प्रयत्न होतो. तरीही शांतता असेल, तर कारण क्रमांक चार असण्याची शक्यता खूप वाढते, किंवा ती अडचण त्या माणसाच्या हातची नसते. दोन्ही वेळा त्याच दारावर चौथी थाप मारून नवं काही कळत नाही. आता दार बदलायचं, आणि नव्या दारी आधीच्या तिन्ही पत्रांच्या प्रती घेऊन जायचं.

काही ठिकाणी तर स्मरणपत्र पाठवणंच चुकीचं ठरतं! माहितीचा अधिकार हा २००५ सालचा कायदा तुम्ही नागरिकशास्त्रात वाचला असेल. त्याखाली सरकारी कार्यालयाकडे माहिती मागितली, की सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत. मुदतीत उत्तर आलं नाही तर? कायदा म्हणतो, ती शांतता म्हणजेच नकार समजा. आणि त्या दिवसापासून दुसरं घड्याळ सुरू होतं: पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. तिथेही काही झालं नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

यात स्मरणपत्राला जागा आहे कुठे? नाहीच. समजा अर्ज १ जूनला पोचला. १ जुलैपर्यंत वाट पाहिली. मग कुणी भिडस्तपणे जुलैत एक आणि ऑगस्टमध्ये एक स्मरणपत्र धाडलं. ऑगस्ट उजाडेपर्यंत पहिल्या अपिलाचे ३० दिवस निघून गेलेले असतात! उशिरा केलेलं अपील योग्य कारण दाखवलं तर दाखल करून घेता येतं, पण ते आता अधिकाऱ्याला पटवावं लागतं. म्हणून कुठेही अर्ज करताना आधी विचारा: इथे उत्तराची मुदत ठरलेली आहे का? असेल, तर अंतर आपण ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं.

हे सगळं झालं ज्यांच्यावर उत्तर द्यायचं बंधन आहे त्यांचं. पण आवडत्या लेखकाला, खेळाडूला किंवा शास्त्रज्ञाला तुम्ही लिहिलंत, तर त्यांनी उत्तर द्यावं असं बंधन कुठे आहे? तिथे एकच स्मरणपत्र, तेही तीन-चार आठवड्यांनी, आणि मग थांबायचं. दुसऱ्या कुणाला लिहायचं. श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट आठवा. केंब्रिजचे हार्डी हे काही त्यांनी लिहिलेले पहिलेच इंग्रज गणिती नव्हते. आधी बेकर आणि हॉब्सन या दोघांना लिहून झालं होतं आणि तिथून काही मदत मिळाली नव्हती. १६ जानेवारी १९१३ ला त्यांनी हार्डींना पत्र लिहिलं. हार्डींचं उत्तर ८ फेब्रुवारीचं आहे. तेव्हा पत्र बोटीने जायचं. म्हणजे त्या तेवीस दिवसांतले पुष्कळसे दिवस पत्र समुद्रावरच होतं! दहाव्या दिवशी स्मरणपत्र टाकलं असतं, तर मूळ पत्रच अजून वाटेत असतं.

आणि मित्रमैत्रिणी? फोनवर निळ्या खुणा दिसल्या की आपल्याला वाटतं, वाचलंय आणि मुद्दाम गप्प बसलीय. पण खूण एवढंच सांगते, की निरोप उघडला गेला. तो बसमध्ये उघडला, की आजीच्या औषधाच्या गडबडीत, ते खूण सांगत नाही. दुसऱ्या दिवशी एकदा विचारा, आणि विचारताना मूळ प्रश्न पुन्हा लिहा. नुसतं 'ए', 'अगं', 'बघ ना' असे पाच निरोप पाठवलेत, तर तुमचा प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. त्यानंतर सरळ वर्गात गाठा.

आता एक काम करा. वहीचं शेवटचं पान काढा आणि चार रकाने पाडा: कुणाला, कधी पाठवलं, कधी पोचलं, पुन्हा कधी विचारायचं. ही झाली तुमची जावक-वही. चौथ्या रकान्यातली तारीख पत्र पाठवतानाच लिहून टाकायची, उत्तर येत नाही म्हणून जीव कासावीस झाल्यावर नाही. ती तारीख येईपर्यंत खुशाल खेळा. ती आली, की पेन उचला आणि वर लिहा: 'स्मरणपत्र क्रमांक १'.